दुसरी दाढ उगवेपर्यंत

१८९१ सालच्या मार्च महिन्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने पाठोपाठच्या क्रमांकांचे दोन कायदे मंजूर केले. त्यांतला १० क्रमांकाचा कायदा महाराष्ट्रात बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असतो. तो संमतिवयाचा कायदा. टिळक आणि सुधारक यांच्यातल्या वादाचा धडा त्याच्याशिवाय पुरा होत नाही. या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर नेले आणि ते लग्न झालेल्या मुलीलाही लागू ठेवले. त्याच्या लगतच्या ११ क्रमांकाच्या कायद्याची आठवण सहसा कुणी काढत नाही. तो फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती करणारा कायदा होता. गिरणीत कामाला लावण्याचे किमान वय त्याने ७ वरून ९ वर नेले आणि ‘मूल’ म्हणून गणण्याची वरची मर्यादा १२ वरून १४ केली. हे दोन्ही कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा बालपण हे निसर्गाने दिलेले असते की समाजाने ठरवलेले, या जुन्या प्रश्नाला मला पहिल्यांदा धरायला काहीतरी हाती लागले.

समजा, १८९२ साली चिंचपोकळीच्या एखाद्या चाळीत १३ वर्षांची एक मुलगी राहते आहे. गिरणीच्या दारातून आत शिरताना ती कायद्याने मूल आहे. तिला दिवसाला ७ तासांहून जास्त राबवता येत नाही आणि रात्रीच्या कामाला लावता येत नाही. संध्याकाळी ती घरी परतते तेव्हा मात्र त्याच सरकारच्या दुसऱ्या कायद्याच्या लेखी ती वर्षभरापूर्वीच संसाराला योग्य झालेली आहे. शाळेच्या बाबतीत तर तिच्यासाठी कोणतीच रेषा आखलेली नाही, कारण तिला शाळेत घालण्याची सक्ती कुणावरही नाही. वर्षभराने ती १४ पूर्ण करील, तेव्हा गिरणीतही तिची गणना बाई म्हणून होईल आणि तिचे तास ७ वरून ११ वर जातील. एकाच मुलीचे बालपण एका दारात संपलेले, दुसऱ्या दारात चालू, आणि तिसऱ्या ठिकाणी त्याची नोंदच नाही.

बालपण ही समाजाची घडण आहे, हे विधान आज विद्यापीठांत सरसकट ऐकू येते आणि त्याच्या मुळाशी बहुधा फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराचे १९६० सालचे पुस्तक असते. मध्ययुगीन युरोपात बालपण नावाची वेगळी कल्पनाच नव्हती, मूल आईच्या कडेवरून उतरले की थेट मोठ्यांच्या जगात मिसळत असे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने चित्रांचा आधार घेतला होता. जुन्या चित्रांतली मुले लहान आकाराच्या मोठ्या माणसांसारखी दिसतात, हे त्याचे निरीक्षण चुकीचेही नाही. पण चित्रकार काय रंगवतो यावरून घरात आई काय करते हे ठरवणे अवघड आहे. पुढच्या अभ्यासकांनी रोजनिशा आणि पत्रे वाचून दाखवून दिले, की मुलांच्या आजाराने कासावीस होणारे आईबाप त्या काळातही होते. लंडनमध्ये थेम्स नदीच्या गाळातून १३०० च्या सुमाराचा, शिसे आणि कथिलाच्या मिश्रधातूत ओतलेला इवलासा घोडेस्वार सापडला आहे. खेळणे साच्यात ओतून विकणारा कारागीर ज्या समाजात आहे, त्या समाजाला मूल म्हणजे काय हे कळत नव्हते, असे मी तरी म्हणणार नाही.

त्यामुळे माया, लाड, खेळ यांचा शोध कुणी लावला, हा प्रश्न मला फारसा फलदायी वाटत नाही. समाज घडवतो ती दुसरी गोष्ट. मूल कुठे संपते याची रेषा तो आखतो, आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या मुलाच्या वेळेवर पहिला हक्क कुणाचा, हे ठरवतो. काम, शाळा आणि खेळ हे त्या वेळेचे तीन दावेदार आहेत. त्यांतले दोन फार जुने आहेत आणि त्यांचे आपसात वाईट चालले होते असे दिसत नाही.

आपल्याच परंपरेत पाहावे. संतांच्या गाथांमधला बाळकृष्ण खेळतो, पण तो रिकामा नाही. तो गुराखी आहे. सकाळी गाई सोडायच्या, शिदोरी बांधून रानात जायचे, दुपारी सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून काला करायचा आणि गाई वळवून आणण्याची पाळी कुणाची यावरून भांडायचे. तुकोबांच्या गाथेत टिपरी, हमामा, फुगडी, विटीदांडू अशा खेळांवरचे अभंग आहेत. त्यांतून अध्यात्म सांगायचे असले तरी ते ज्या श्रोत्यांना सांगायचे, त्यांना हे खेळ हातापायांनी माहीत होते. गुरे राखणे हे खरेखुरे काम होते. गाय दुसऱ्याच्या पिकात शिरली तर मार बसत असे. पण गाय चरत असेपर्यंतचा वेळ मोकळा होता आणि त्या वेळात खेळ मावत होता. शेतकऱ्याच्या घरात मुलाचे वय वर्षांत मोजले जात नव्हते, कामाच्या आवाक्यावर मोजले जात होते. वासरे सांभाळण्याइतका, मग गुरे राखण्याइतका, मग मोट हाकण्याइतका आणि शेवटी औत धरण्याइतका. मुलीचे मोजमाप धाकट्या भावंडाला कडेवर घेण्यापासून सुरू होई आणि न्हाण आले की संपे. ही शिडी गोड होती असा माझा दावा नाही. कुणब्याच्या पोराची शिडी आणि बलुतेदाराच्या पोराची शिडी वेगळी होती आणि गावकुसाबाहेरच्या पोराला तर पायऱ्या निवडण्याची मुभाच नव्हती. फक्त तिच्यात आकडा नव्हता.

मुलाने किती काम करायचे हे प्रत्येक वेळी श्रद्धेवर किंवा निष्ठुरपणावर ठरते असेही नाही. आफ्रिकेतल्या दोन शिकारी-संग्राहक समाजांची तुलना मानववंशशास्त्रज्ञांनी केली आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. टांझानियातल्या हाड्झा लोकांची मुले पाच-सहा वर्षांची झाली, की वस्तीच्या आसपास फळे आणि कंद गोळा करतात आणि आपल्या खाण्याचा बराचसा वाटा स्वतःच मिळवतात. कालाहारीतल्या कुंग लोकांची त्याच वयाची मुले जवळजवळ काहीच मिळवत नाहीत, ती वस्तीत खेळतात. दोन्ही समाज मुलांवर सारखीच माया करतात. फरक जमिनीचा आहे. हाड्झांच्या मुलखात खाण्याजोगे पुष्कळ काही वस्तीजवळ सापडते आणि दूरवर दिसणाऱ्या टेकड्यांच्या खुणांवरून मूल परत येऊ शकते. कालाहारीत कोरड्या ऋतूत पाण्याजवळचे खाद्य संपलेले असते आणि सपाट झुडपी रानात मूल चुकले तर तहानेने मरते. म्हणून तिथे मूल घरी ठेवतात. एका ठिकाणी सहा वर्षांचे मूल कमावते आणि दुसऱ्या ठिकाणी खेळते, याचे कारण पाणी आणि टेकड्या आहेत.

आकडा आला तो कारखान्याबरोबर. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना बंदी केली आणि ९ ते १३ वयाच्या मुलांचे तास कमी केले. कायदा झाला खरा, पण वय ठरवायचे कसे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. त्या देशात जन्मनोंदणीची सरकारी व्यवस्था सुरू झाली ती १८३७ साली. चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला कधी असे, कधी नसे आणि कधी मोठ्या भावाचा धाकट्याच्या नावावर खपवला जाई. सर्जन मुलाला समोर उभे करून ‘साधारण इतक्या वर्षांचे दिसते’ असे लिहून देत. निरीक्षकांनी उंची लावून पाहिली, पण गिरणीतली मुले आधीच खुरटलेली, त्यामुळे उंचीचे माप उलटे फिरे. तेव्हा एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने १८३७ साली असे मांडले, की उंचीपेक्षा दात जास्त विश्वासू साक्षीदार आहेत. त्याने हजाराहून अधिक मुलांची तोंडे तपासली होती. दुधाचे दात आणि कायमचे दात ठराविक क्रमाने येतात. पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. मग पटाशीचे दात, मग सुळे आणि उपदाढा, आणि बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी मोठी दाढ. १३ वर्षांची मर्यादा आणि दुसरी दाढ यांची गाठ अशी बरोबर पडली. जबडा उघडायचा, मागे पाहायचे. दाढ असेल तर पुरे तास, नसेल तर कमी.

हीच पद्धत पुढे आपल्याकडे आली. १८८१ चा पहिला हिंदी फॅक्टरी कायदा १०० किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. ७ वर्षांखालील मुलाला बंदी, ७ ते १२ या वयात दिवसाला ९ तास आणि मधे एक तास विश्रांती, एवढेच त्यात मुलांसाठी होते. मुंबईच्या गिरणीतले मूल बहुतेक वेळा साच्यावरच्या बॉबिनी बदलण्याच्या कामावर असे. हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. सुताची लांबलचक चौकट चालू असते, तिच्यावर शंभराहून अधिक चात्या फिरत असतात आणि प्रत्येक चातीवर बॉबिन भरत जाते. सगळ्या भरल्या की चौकट थांबवतात. मग मुलांची टोळी धावत येते, भरलेल्या बॉबिनी उपसून टोपलीत टाकते, रिकाम्या चढवते, सुताची टोके लावून देते आणि चौकट पुन्हा सुरू होते. थांबलेली चौकट म्हणजे मालकाचे नुकसान, त्यामुळे हे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. त्याला बारीक बोटे, बुटकी उंची आणि चपळाई लागे. काम संपले की पुढची चौकट भरेपर्यंत मुले रिकामी.

या रिकाम्या वेळेचा मालकांनी चांगलाच उपयोग केला. मुलांचे काम हलके आहे, ते सलग नाही, असा युक्तिवाद तेव्हा ठरीव झाला होता. वस्तुस्थिती म्हणून तो सगळा खोटा नव्हता. गुराख्याच्या पोरासारखाच गिरणीतल्या पोराच्या कामातही मोकळा वेळ होता. पण गुराखी झाडाखाली बसे आणि हे पोर कापसाच्या तंतूंनी भरलेल्या, दमट, कानठळ्या बसवणाऱ्या खात्यात बसे. शिवाय गाय चरून कधी होईल याचा अंदाज गुराख्याला होता, तर चौकट कधी भरेल हे खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर, सांगे. खेळ कामाच्या फटीत मावतो, हे जुने गणित यंत्राच्या शेजारी लागू पडले नाही. कारण फट किती आणि कुठे, हे आता मुलाच्या हाती राहिले नाही.

वयाच्या दाखल्याचे काय झाले, हे पाहिले की आकड्याची मर्यादा कळते. १८९१ नंतर मूल म्हणजे ९ ते १४, आणि तास ७. गिरणी तर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. म्हणून मुलांचे दोन संच करून एकाला सकाळी आणि दुसऱ्याला दुपारी लावण्याची सोय मालकांना करता आली. दाखला देणाऱ्या सर्जनपुढे मूल येई. त्याच्याकडे जन्माचा कागद नसे, आई सांगे ते वर्ष दुष्काळाचे किंवा पुराचे असे. सर्जन तोंड उघडायला सांगे. १४ ची रेषा पाहायला दुसरी दाढ थोडीफार उपयोगी पडे, तरी ती दाढ बाराव्या वर्षीच आली तर मूल दोन वर्षे आधीच मोठे होई. ९ ची रेषा तर आणखी पुसट, कारण आठव्या वर्षी पटाशीचे दात बहुधा आलेले असतात आणि सुळे-उपदाढा दहाव्याच्या आगेमागे येतात. बरोबर नवव्या वर्षी तोंडात नेमके नवे असे काही घडतच नाही. सर्जनला अंदाजच करावा लागे आणि अंदाज कुणाच्या बाजूने करायचा हा प्रश्न उरे. आईबापांना मूल मोठे ठरलेले हवे होते, कारण त्याने घरात पगार वाढे. मालकालाही तेच हवे होते. मुलाला कुणी विचारत नसे.

या सगळ्याचे टोक गाठले ते अहमदाबादने. अर्धवेळ मुलांचे तास कमी, म्हणून काही मुले सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत, वेगळ्या नावाच्या वेगळ्या दाखल्यावर कामाला जाऊ लागली. दोन अर्धी बालपणे जोडून एक पुरा कामगार तयार होत होता. ही गोष्ट इतकी वाढली, की १९२६ च्या दुरुस्तीने एकाच दिवशी मुलाला दोन कारखान्यांत कामाला पाठवणाऱ्या आईबापांना दंडाची तरतूद करावी लागली. कायद्याचा रोख तोवर मालकावर होता, तो इथे प्रथम घरावर वळला.

आता १८९१ च्या त्या दोन कायद्यांकडे परत यावेसे वाटते, कारण दोन्हींना झालेला विरोध एका घाटाचा होता. फॅक्टरी कायद्याला राष्ट्रीय बाण्याच्या वृत्तपत्रांनी विरोध केला, तो मुले राबावीत म्हणून नव्हे. मुंबईच्या गिरण्या लँकेशायरला डोईजड झाल्या म्हणून तिथले कारखानदार माणुसकीचा आव आणून आपल्या गिरण्यांचा गळा घोटत आहेत, असा त्यांचा संशय होता, आणि त्याला आधारही होता. हिंदी मुलांच्या तासांची चिंता मँचेस्टरमधून व्यक्त होत असताना खुद्द लँकेशायरमध्ये अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी अशी मुले हजारोंनी होती. १८९१ साली इंग्लंडने त्यांचे किमान वय १० वरून ११ केले, १८९९ मध्ये १२ केले आणि १९१८ च्या शिक्षण कायद्याने ही पद्धत बंद करायचे ठरवले. त्याआधी १९०९ मध्ये लँकेशायरच्या कापड कामगारांनी मतदान घेऊन ही अर्धवेळ पद्धत चालूच राहावी असा कौल मोठ्या बहुमताने दिला होता. हे मत देणारे लोक त्याच मुलांचे बाप होते आणि बहुतेक जण स्वतः तसेच वाढलेले होते. ते निर्दय होते असे मला वाटत नाही. बारा वर्षांच्या मुलाने घरात थोडे पैसे आणणे हे त्यांच्या लेखी वाढण्याचेच लक्षण होते.

संमतिवयाच्या वादात प्रश्न परकीय सरकारने घरात शिरावे का, हा होता. टिळकांनी कायद्याला विरोध करताना मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करणार नाही, असे सुधारकांनी आपणहून बांधून घ्यावे, अशी सूचना केली होती. ही वये सरकारी आकड्यापेक्षा बरीच पुढची होती. सनातन्यांचा आक्षेप आणखी वेगळा होता. त्यांना आकडाच नको होता. न्हाण आले की गर्भाधान, हे त्यांचे मोजमाप होते आणि ते शरीरावरून ठरत असे. सुधारकांचे मोजमाप वर्षांचे. कलकत्त्यात १८९० साली फुलमणी दासी ही अकराच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली आणि त्यानंतर शरीर तयार आहे की नाही हे घराने ठरवावे, ही भूमिका उघडपणे मांडणे कठीण झाले. आकडा ओबडधोबड असतो, हे मी वर गिरणीच्या निमित्ताने लिहिले आहे. तरी या ठिकाणी तो ओबडधोबड आकडाच त्या मुलींच्या कामी आला, हेही लिहिले पाहिजे.

तिसरा दावेदार शाळेचा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. त्याच निवेदनात त्यांनी हेही लिहिले होते, की कुणब्यांची पोरे शाळेत येत नाहीत याचे कारण दारिद्र्य आणि गुरे राखायला, शेत पाहायला लागणारे हात हे आहे, म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत. ही जोड मला महत्त्वाची वाटते. शाळा म्हणजे पुस्तके आणि फळा, एवढाच विचार त्यांनी केला नाही. गुराखी शाळेत आणायचा तर त्याच्या गुराखीपणाची भरपाई करावी लागेल, हा हिशेब त्यांनी मांडला. पुढच्या जवळजवळ सर्व सक्ती-योजनांत सक्ती घेतली गेली आणि भरपाई विसरली गेली.

बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण लागू केले. त्यात मुलग्यांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० अशी वये होती. मुलीचे बालपण दोन वर्षांनी तोकडे, कारण दहाव्या वर्षानंतर ती सासरची वाट पाहणारी. १९११ मध्ये गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडलेले विधेयक तर फारच सौम्य होते. स्थानिक संस्थांना हवे तर त्यांनी ६ ते १० वयाच्या मुलग्यांना सक्ती करावी, एवढेच ते म्हणत होते. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे आणि मोफत शिक्षण सुरू केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शेतमजुराला तो रुपया जड होता आणि जड असावा असाच हेतू होता. मुलाच्या दिवसाला प्रथमच रोख किंमत लावली गेली होती आणि ती सरकारने लावली होती.

शाळेने आणखी एक काम केले, त्याची दखल फारशी घेतली जात नाही. तिने महाराष्ट्राला वय दिले. माझ्या आजोबांची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या धाकट्या भावाचीही १ जूनच. घरात एकदा हा विषय निघाला तेव्हा थोरल्या आत्याने सांगितले, की भाताची लावणी चालू असताना आजोबा जन्मले होते, म्हणजे जून सुरू होऊन बरेच दिवस लोटले असणार. मुलाला नाव घालायला नेले, की हेडमास्तर त्याला डोक्यावरून उजवा हात नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला तर मूल पहिलीत बसण्याजोगे. मग शाळा जूनमध्ये उघडते, या हिशेबाने नावापुढे १ जून टाकत आणि वर्ष अंदाजाने लिहीत. अशी १ जूनची पिढी प्रत्येक गावात आहे. सर्जन दात बघत होता, मास्तर कान बघत होते. दोघेही शरीरावरून आकडा काढत होते, पण मास्तरांचा आकडा पक्क्या शाईचा ठरला, कारण निवृत्तीपर्यंत नोकरीतले सगळे हिशेब त्यावर चालले.

हे जुने झाले असे समजण्याचे कारण नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात एखादी व्यक्ती १८ च्या आत आहे की बाहेर, हे ठरवण्याचा क्रम दिलेला आहे. पहिला पुरावा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत मनगट, कोपर अशा सांध्यांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन हाडांची टोके किती जुळली आहेत ते पाहतात, आणि त्यात दोन-दोन वर्षांची चूक न्यायालये गृहीतच धरतात. याच कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाटही उघडली. त्यामुळे सोळा की पंधरा, अठरा की सतरा, हा प्रश्न आजही तुरुंग आणि सुधारगृह यांच्यातला असतो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा एखाद्या मास्तरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात घाईने केलेल्या नोंदीत असते.

खेळाविषयी थोडेच लिहितो, कारण इतिहासातही त्याला थोडीच जागा मिळाली आहे. चित्रकार ब्रॉयगेलच्या १५६० सालच्या एका चित्रात दोनशेहून अधिक मुले ऐंशीच्या आसपास खेळ खेळताना दिसतात. चक्र हाकणारी, शिवाशिवी खेळणारी, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारणारी. त्या गर्दीत मुलांना खेळ शिकवणारे मोठे माणूस कुठेच नाही. काम आणि शाळा यांच्या वादात कायद्यांनी मुलाचे तास मोजले, वाटून दिले, पण उरलेले तास मुलाचे, असे १८८१ च्या किंवा १८९१ च्या कायद्यात कुठे म्हटलेले नाही. आज शहरी मराठी घरात गिरणी नाही. पण शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर स्केटिंग किंवा बुद्धिबळाचा वर्ग, आणि त्या वर्गालाही परीक्षा व प्रमाणपत्र. खेळ शाळेच्या खात्यावर जमा झाला आहे. या मुलांना कामाची मात्र कडक बंदी आहे. स्वतःचे ताट उचलणे हेही आईच्या कौतुकाचा विषय होते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ हे वय शाळेच्या नावावर करून दिले, आणि बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला सर्व व्यवसायांत कामाला ठेवण्यास बंदी केली. त्याच दुरुस्तीत दोन अपवाद आहेत. मुलाने शाळेनंतर किंवा सुटीत कुटुंबाला वा कुटुंबाच्या बिनधोक्याच्या उद्योगात मदत केली तर चालते, आणि शिक्षणात बाधा येत नसेल तर दूरदर्शन मालिका, चित्रपट, जाहिरात यांत कलाकार म्हणून काम केले तरी चालते. दुसऱ्या अपवादामुळे छोट्या पडद्यावर गाणारी आणि नाचणारी मुले कामगार ठरत नाहीत. पहिल्या अपवादाची किंमत ऊसतोडीच्या फडात कळते. बीडकडून किंवा नगरकडून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. मुकादमाने दिलेली उचल नवराबायकोच्या जोडीच्या नावावर असते आणि त्या जोडीला हिशेबात एक कोयता म्हणतात. दहा वर्षांचा मुलगा तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायला हात लावतो, तेव्हा त्याचा हात त्या कोयत्यातच जमा होतो. त्याच्या बहिणीचे काम तर १८८१ पासून आजवरच्या एकाही कामगार कायद्याने मोजलेले नाही. आई फडात असताना ती कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. साखरशाळा सुरू झाल्या तेव्हा काही शिक्षकांनी या मुलींना धाकट्या भावंडासकट वर्गात बसू दिले. तसे न केल्यास त्या येतच नाहीत, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळले होते. हजेरीपटावर मात्र नाव एकटीचेच लिहिता येते.